उरलेला नमुना, उरलेला मजकूर : एक प्रस्तावना

जेमतेम पस्तीस ओळींच्या एका सी प्रोग्रामवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी, आणि तिला पुन्हा लांबलचक प्रस्तावनाही जोडावी, हा उपद्व्याप पाहून वाचकाच्या कपाळावर आठी पडली, तर तिच्याबद्दल मला तक्रार करता येणार नाही. परंतु हा प्रोग्राम वाचायला जितका वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ तो स्वतः लिहायला बसणाऱ्याला लागतो, आणि पहिल्या खेपेस लिहिलेला प्रोग्राम बहुधा कोठेतरी चुकतो, हा अनुभव मी स्वतः घेतला आहे आणि ज्यांना शिकविले त्यांच्या वह्यांतूनही पाहिला आहे. ओळी थोड्या आहेत, पण त्यांचा क्रम असा बेतलेला आहे की दोन ओळींनी आपसांत जागा बदलली तरी एरवी बरोबर येणारे उत्तर एखाद्या कोपऱ्यात निमूटपणे चुकते. त्या क्रमामागचा विचार उलगडून दाखविणे एवढाच ह्या प्रस्तावनेचा हेतू आहे.

प्रथम विषयाची हद्द आखून घेऊ. एखाद्या दप्तरात गावांच्या नावांची यादी रोमन लिपीत, एका ओळीत एक नाव ह्याप्रमाणे ठेवलेली आहे, आणि तीतून `s` ने सुरू होऊन `a` ने संपणारी नावे हवी आहेत, असे समजा. हे मागणे आपण `^s.*a$` अशा सहा चिन्हांत लिहितो. अशा लेखनाला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. मी पुढे सोयीसाठी त्याला नुसते ‘नमुना’ म्हणेन, आणि ज्यात शोध घ्यायचा त्याला ‘मजकूर’. आपल्या नमुन्यात विशेष अर्थाची चिन्हे चारच आहेत. टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर. तारका म्हणजे तिच्या आधी लिहिलेले अक्षर शून्य वा अधिक वेळा. आरंभीचे `^` म्हणजे मजकुराचा प्रारंभ, आणि अखेरचे `$` म्हणजे मजकुराचा शेवट. बाकीची सर्व अक्षरे स्वतःपुरतीच बोलतात. कंस नाहीत, ‘हे किंवा ते’ असा पर्याय नाही, अक्षरांचे गट नाहीत. ही कंजुषी मुद्दाम केलेली आहे, आणि तिच्यामुळे काय साधते व काय हातचे जाते, ते पुढे येईलच.

ह्या तारकेला कुळ आहे. स्टीफन क्लीनी ह्या अमेरिकी तर्कशास्त्रज्ञाने मज्जातंतूंच्या जाळ्यांचे गणिती वर्णन करताना ‘शून्य वा अधिक वेळा’ ही क्रिया मांडली. त्याचा तो निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला, आणि आजही तिला क्लीनीची तारका असेच म्हणतात. गणिताच्या कागदावरून ती मजकुराच्या शोधात आणली केन टॉम्प्सन ह्याने. १९६८ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या लेखात नमुना वाचून त्यावरून आय.बी.एम. ७०९४ ह्या यंत्राची आज्ञावली तयार करण्याची रीत दिली आहे. पुढे युनिक्सच्या `ed` ह्या संपादकात `g/re/p` असा हुकूम आला, म्हणजे ‘नमुन्याशी जुळणारी प्रत्येक ओळ छाप’, आणि त्याच हुकुमाची अक्षरे जोडून `grep` हे नाव झाले. ब्रायन कर्निहॅन आणि रॉब पाइक हे बेल लॅबमधील दोघे सहकारी प्रोग्रामिंगच्या रीतींवर पुस्तक लिहीत असताना त्यांना ही विद्या थोडक्यात दाखवायची होती. पण हाताशी असलेला `grep` पाचशेहून अधिक ओळींचा, म्हणजे पुस्तकाची दहाएक पाने खाणारा निघाला. तेव्हा पाइकने आपल्या खोलीत बसून तास-दोन तासांत सुमारे तीस ओळींचा प्रोग्राम लिहून आणला, अशी हकीकत कर्निहॅनने नंतर सांगितली आहे. ते पुस्तक १९९९ साली निघाले. आपण ज्या प्रोग्रामचा विचार करणार आहोत तो त्याच घराण्यातला आहे; फंक्शनांची नावे व ओळींची मांडणी मात्र मी माझ्या अध्यापनाच्या सोयीने केली आहे.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. नवशिका ह्या कामाला बसला म्हणजे तो प्रथम विचारतो, “हा नमुना ह्या मजकुरात आहे का?” प्रश्न चुकीचा नाही, पण तो फार मोठा आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी किती अक्षरे जुळली, तारकेने किती गिळली, कोठून मागे फिरायचे, ह्या सर्वांची नोंद ठेवावी लागेल अशी समजूत होते, आणि मग चलांची आणि झेंड्यांची गर्दी सुरू होते. त्याऐवजी प्रश्न असा लहान करावा : नमुन्याचा जो भाग अजून उरला आहे, तो मजकुराच्या उरलेल्या भागाशी *येथूनच* जुळतो का? ‘येथूनच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मागे काय घडले ह्याची चौकशी ह्या प्रश्नात नाही. जे जुळून गेले ते निकालात निघाले; दोन पॉइंटर, एक नमुन्यात आणि एक मजकुरात, एवढीच काय ती मामल्याची कैफियत. प्रश्न असा मांडला की एक अक्षर जुळल्यावर जो प्रश्न शिल्लक राहतो, तो जातीने तोच असतो, फक्त एका अक्षराने लहान झालेला. म्हणून फंक्शनने तो स्वतःलाच विचारावा. रिकर्शन येथे चातुर्य म्हणून आलेले नाही. प्रश्नाच्या घडणीतच ते होते.

```c
static int tara(int c, const char *re, const char *t);

static int ithun(const char *re, const char *t)
{
    if (*re == '\0')
        return 1;
    if (re[1] == '*')
        return tara(*re, re + 2, t);
    if (*re == '$' && re[1] == '\0')
        return *t == '\0';
    if (*t == '\0')
        return 0;
    if (*re != '.' && *re != *t)
        return 0;
    return ithun(re + 1, t + 1);
}
```

ह्यातील पहिली अट सांगते की नमुन्यात काही उरलेच नसेल तर मागणे पुरे झाले. मजकूर कितीही शिल्लक असो, उत्तर होकारार्थी. दुसरी अट नमुन्यात एक पाऊल पुढे डोकावते आणि पुढचे चिन्ह तारका असेल तर हा तंटा `tara` ह्या फंक्शनकडे वर्ग करते. तिसरी अट नमुन्याच्या अगदी टोकाला असलेल्या `$` ची. त्याचे म्हणणे एवढेच की मजकूर येथे संपलेला असावा. ह्या तिन्ही अटींतून जो सुटला तो साधे अक्षर किंवा टिंब असणार, आणि त्याला जुळवण्यासाठी मजकुरात निदान एक अक्षर हवे. ते नसेल तर नकार. असून वेगळे असेल तर नकार. एरवी दोन्हीकडे एकेक पाऊल.

हा क्रम का, ह्याचा विचार एकेक अट हलवून पाहिल्याशिवाय पटत नाही. दुसऱ्या अटीत `re[1]` वाचले जाते. ते वाचणे निर्धोक आहे ते केवळ पहिल्या अटीने `*re` हा शेवटचा शून्य-बाइट नाही अशी हमी दिली आहे म्हणून. दोहोंची अदलाबदल केली तर नमुना संपल्यावरही आपण त्याच्या पलीकडचा बाइट वाचू, आणि ती स्मृती आपल्या मालकीची नाही. तारकेची अट शेवटच्या `return` च्याही खाली ठेवली तर `ab*c` हा नमुना `ac` ला नाकारतो, `abc` लाही नाकारतो, आणि `ab*c` ह्या चार अक्षरांच्या शब्दशः मजकुराला मात्र मान्यता देतो. म्हणजे तारका आपला अधिकार गमावून एक सामान्य अक्षर बनते. हे लक्षण दिसले की चूक कोठे आहे ते शोधावे लागत नाही.

सर्वांत फसवी चूक चौथ्या अटीची आहे. “मजकूर संपला तर नकार” ही ओळ इतकी वाजवी वाटते की पुष्कळ जण ती उत्साहाने वर, पहिल्या अटीच्या लगेच खाली नेऊन ठेवतात. मग `^ab*$` हा नमुना `ab` ला, `abb` ला आणि `a` ला, तिघांनाही नाकारू लागतो, कारण मजकूर संपल्यावर `$` ला बोलण्याची संधी मिळण्याआधीच निकाल दिला जातो. आणि `$` काढून नुसते `^ab*` लिहिले तर `ab` चालतो पण `a` चालत नाही, कारण तेथे तारकेला शून्य वेळा घेण्याची मुभाच उरत नाही. रिकामा मजकूर म्हणजे पराभव, ही समजूतच चुकीची; रिकाम्या मजकुरावर हक्क सांगणारी नमुन्यातील दोन चिन्हे, तारका आणि `$`, ह्यांची सुनावणी झाल्यावरच ती ओळ यायला हवी.

आणि ती ओळ मुळीच लिहिली नाही तर? येथे एक गंमत आहे. साध्या अक्षरांना तिची गरज नाही. नमुन्यातले अक्षर शून्य-बाइट असू शकत नाही, म्हणून मजकुराच्या शेवटच्या शून्य-बाइटशी ते आपोआपच जुळत नाही. ती ओळ केवळ टिंबासाठी आहे. टिंब कोणाशीही जुळते, आणि तपासले नाही तर मजकुराचा शेवट दाखविणाऱ्या त्या बाइटशीही जुळते. मग `ab.` हा नमुना `ab` मध्ये सापडतो, आणि `ab.x` हा तर सीमा ओलांडून पलीकडची स्मृती वाचतो. बहुधा काही बिघडल्याचे दिसतही नाही, कारण पलीकडे जो काही बाइट असेल तो `x` नसतो आणि उत्तर योगायोगाने बरोबर येते. म्हणून ह्या प्रोग्रामची परीक्षा घेताना कंपायलरला `-fsanitize=address` हा पर्याय द्यावा. असले परक्या हद्दीतील वाचन तो जागच्या जागी पकडून देतो.

आता तारका. तिचा प्रश्न असा : `c` हे अक्षर शून्य वा अधिक वेळा घेऊन, त्यानंतर नमुन्याचा उरलेला भाग येथून जुळतो का?

```c
static int tara(int c, const char *re, const char *t)
{
    for (;;) {
        if (ithun(re, t))
            return 1;
        if (*t == '\0')
            return 0;
        if (c != '.' && *t != c)
            return 0;
        t++;
    }
}
```

प्रथम काहीही न गिळता उरलेला नमुना लावून पाहायचा. जुळला तर उत्तमच. न जुळला तर, आणि समोरचे अक्षर गिळण्याजोगे असेल तर, ते एकच गिळून पुन्हा लावून पाहायचा. गिळण्याजोगे काही उरले नाही की नकार. आपण पाहिलेला `^s.*a$` हा नमुना `satara` ह्या नावाला लावू. `s` जुळते, आणि नमुन्यात `.*a$` व मजकुरात `atara` उरते. आता `tara` कडे `c` म्हणून टिंब आणि उरलेला नमुना म्हणून `a$` येतो. पहिला प्रयत्न `atara` वर : `a` जुळतो, पण नंतर `$` ला शेवट हवा असताना समोर `tara` उभे, नकार. ह्या नकारानंतर काही पुसावे लागत नाही, कारण आतल्या फंक्शनांनी आपापले पॉइंटर हलविले होते, `tara` चा `t` जेथे होता तेथेच आहे. दुसरा प्रयत्न `tara` वर, लगेच नकार. तिसरा `ara` वर : पुन्हा `a` जुळतो, पुन्हा `$` नाराज. चौथा `ra` वर, नकार. पाचवा `a` वर : `a` जुळतो, मजकूर संपतो, `$` समाधानी. तारकेने चार अक्षरे गिळली, पण तो आकडा कोठेही नोंदलेला नाही. `sangli` ला हाच नमुना लावला तर `angli` पासून रिकाम्या मजकुरापर्यंत सहा प्रयत्न होतात, सहावा प्रयत्न रिकाम्या मजकुरावर, आणि मग गिळायला काही नाही म्हणून नकार येतो. वाचकाने ही दोन उदाहरणे दोन स्तंभांत, ‘उरलेला नमुना’ आणि ‘उरलेला मजकूर’ अशी शीर्षके घालून पेन्सिलीने लिहून काढावीत. त्यानंतर ह्या दोन फंक्शनांत गूढ काही उरत नाही.

येथे कोणी शंका काढील की एक फंक्शन दुसऱ्याला आणि दुसरे पहिल्याला हाक मारते, तेव्हा हा व्यवहार कधीतरी संपेल ह्याची खात्री काय? खात्री नमुन्याच्या लांबीत आहे. प्रत्येक नवी हाक नमुना एका अक्षराने तरी आखूड करूनच मारली जाते. एकच अपवाद `tara` मधून `ithun` ला मारलेल्या हाकेचा, पण तेथे तारकेची जोडी आधीच खर्ची पडलेली असते. त्यामुळे हाकांची खोली नमुन्याच्या लांबीशी बांधलेली राहते, मजकूर लाख अक्षरांचा असला तरी स्टॅक त्याच्यामुळे वाढत जात नाही. मजकुरात पुढे सरकण्याचे काम `tara` मधील आवर्तन करते, आणि ते शून्य-बाइटपाशी थांबते. खोलीचा हिशेब नमुन्याकडे आणि रुंदीचा मजकुराकडे, अशी ही वाटणी आहे.

तिसरे फंक्शन बाहेरच्या जगाला दिसणारे. नमुना `^` ने सुरू होत असेल तर मजकुराच्या प्रारंभीच एकदा लावून पाहायचे. नसेल तर प्रारंभी, मग दुसऱ्या अक्षरापासून, मग तिसऱ्यापासून, असे शेवटपर्यंत. ही ‘शेवटपर्यंत’ ची सीमा ठरविताना विद्यार्थी हमखास घसरतात. `while (*t != '\0')` असे आवर्तन लिहिले की मजकूर संपलेल्या जागेवर नमुना लावून पाहिलाच जात नाही, आणि `x*$` हा नमुना `abc` मध्ये नाही असे उत्तर येते. वास्तविक शून्य `x` आणि त्यापुढे शेवट, हे अगदी शेवटच्या जागी बिनतक्रार जुळते. आधी प्रयत्न आणि मग शेवट आला का ही तपासणी, असा क्रम हवा.

आणि हा क्रम लिहू लागले म्हणजे लक्षात येते की हे आवर्तन आपण मघाशीच लिहिले आहे. ‘कोणतीही अक्षरे शून्य वा अधिक वेळा सोडून द्या आणि मग नमुना लावा’ हे टिंबावरील तारकेचेच काम. म्हणून तिसरे फंक्शन एवढेच उरते :

```c
int shodh(const char *re, const char *t)
{
    if (*re == '^')
        return ithun(re + 1, t);
    return tara('.', re, t);
}
```

प्रारंभाला न बांधलेला प्रत्येक नमुना म्हणजे पुढे अदृश्य `.*` जोडलेला, प्रारंभाला बांधलेला नमुनाच होय. मला ही गोष्ट पुष्कळ वर्षे वापर करूनही समजली नव्हती. ती समजली हे फंक्शन आखूड करू पाहताना. आणि ती केवळ दोन-चार ओळी वाचविणारी सोय नाही. प्रोग्रामचा खर्च मोजू लागले की हीच अदृश्य तारका हिशेबात दत्त म्हणून उभी राहते.

तो खर्च आता पाहू. मजकूर तीस `a` चा घ्या, त्यात `b` कोठेच नाही. `^a*b` हा नमुना लावला तर ‘येथे `b` आहे का’ हा शेवटचा प्रश्न ३१ वेळा विचारला जातो. `^a*a*b` केला तर ४९६ वेळा. तीन तारका लावल्या तर ५,४५६, चार लावल्या तर ४६,३७६, आणि सहा लावल्या तर १९,४७,७९२ वेळा. कारण उघड आहे : तीस अक्षरे आपसांत कशी वाटून घ्यायची ह्याच्या तारकांपाशी जितक्या तऱ्हा आहेत, तितक्या सर्व करून पाहिल्याखेरीज हा प्रोग्राम नकार देत नाही, आणि एका वाटणीत जे कळले ते दुसऱ्या वाटणीच्या वेळी त्याला आठवत नाही. मागे पाहिलेला जो गुण, की मागच्या गोष्टींची नोंद ठेवावी लागत नाही, त्याचीच ही किंमत आहे. उत्तर प्रत्येक वेळी बरोबरच येते. फक्त येते केव्हा, हा प्रश्न.

हा धोका वहीपुरता नाही. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर ह्या कंपनीच्या जगभरच्या यंत्रांवर एक नवा सुरक्षा-नियम चढविण्यात आला, आणि त्यातील एका रेग्युलर एक्स्प्रेशनने त्या यंत्रांच्या प्रोसेसरची सारी शक्ती खाऊन टाकली. तिच्या मागे उभी असलेली संकेतस्थळे २७ मिनिटे बंद पडली. त्या नियमाचा दोषी गाभा सोपा करून लिहिला तर तो `.*.*=.*` असा होतो, आणि त्यात आपल्या चार चिन्हांपलीकडचे काहीही नाही. आपल्या `shodh` ला त्याचा पहिला भाग, `.*.*=`, `=` नसलेल्या तीस अक्षरांच्या मजकुरावर द्या : दिसणाऱ्या तारका दोन, पण अदृश्य तिसरी धरून प्रयत्न ५,४५६. मजकूर साठ अक्षरांचा केला तर ३९,७११; लांबी दुप्पट, श्रम सात पटींहून अधिक. तेच प्रारंभी `^` लिहिले असते तर एक तारका गळाली असती, आणि अर्थात तिळभर फरक पडला नसता. टॉम्प्सनच्या १९६८ च्या रीतीत ही आपत्ती येतच नाही, कारण तेथे नमुन्यातील सर्व संभाव्य जागा एकाच वेळी घेऊन मजकुरावरून एकदाच चालत जातात, आणि खर्च नमुन्याच्या व मजकुराच्या लांबीच्या गुणाकारापलीकडे जात नाही. पुस्तिकेच्या चौथ्या प्रकरणात ती रीत ह्याच चार चिन्हांसाठी लिहून दाखविली आहे. ती अधिक लांब आहे, आणि तिची गरज का पडली हे वाचकाला तोवर आकड्यांनिशी ठाऊक झालेले असेल.

दुसरी मर्यादा स्वभावाची आहे. आपली तारका कमीत कमी गिळून सुरुवात करते. ओळ जुळते की नाही एवढेच विचारायचे असेल, जसे `grep` विचारतो, तर कमीपासून सुरू करा की जास्तीपासून, हो-नाहीचे उत्तर एकच. परंतु जुळलेला भाग काढून त्या जागी दुसरे काही घालायचे असेल, तर तो भाग कोठे संपतो ह्याला महत्त्व येते, आणि तेथे प्रथा सर्वांत डावीकडच्या व सर्वांत लांब जुळणीची आहे. त्यासाठी `tara` ने आधी गिळता येईल तेवढे सारे गिळावे आणि मग एकेक अक्षर परत करीत मागे यावे. हा बदल चार ओळींचा आहे, पण मागे येताना पॉइंटर सुरुवातीच्या जागेच्याही मागे नेऊ नये. तशा पॉइंटरचा नुसता हिशेब करणेही सी भाषेच्या नियमांत बसत नाही.

शेवटची मर्यादा आपल्या भाषेची आहे, आणि ही पुस्तिका मराठीत लिहिण्याचे एक कारणही तेच. वर मी गावांची नावे रोमन लिपीत घेतली ती लाजेकाजेस्तव नव्हे. हा प्रोग्राम अक्षर म्हणतो तेव्हा त्याला बाइट अभिप्रेत असतो, आणि यू.टी.एफ.-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. `क` म्हणजे `E0 A4 95`. त्यामुळे `^.$` हा नमुना `क` ला नाकारतो आणि `^...$` स्वीकारतो. `^क*$` ची गत आणखी विचित्र : तारका फक्त शेवटच्या `95` ह्या बाइटला चिकटते, म्हणून तो नमुना `क` ला स्वीकारतो, पण `कक` ला आणि रिकाम्या ओळीला नाकारतो. साधा शब्द शब्दाशी जुळविताना मात्र काही अडत नाही, कारण बाइट बाइटशी बरोबर जुळतात. आणि म्हणूनच ही चूक पुष्कळ दिवस लपून राहते. तेथेही एक दक्षता हवी : `char` जेथे सचिन्ह असते अशा यंत्रावर `E0` ची किंमत उणे ३२ होते, कोणी सुधारणा म्हणून मजकुराचा पॉइंटर तेवढा `unsigned char` केला आणि नमुन्याचा तसाच ठेवला, तर एकीकडे उणे ३२ आणि दुसरीकडे २२४, आणि एकही मराठी अक्षर कशाशीही जुळेनासे होते.

ह्यावर उपाय अवघड नाही. यू.टी.एफ.-८ मध्ये चिन्हाच्या आतले बाइट `80` ते `BF` ह्या टप्प्यातच असतात, तेव्हा पुढचे चिन्ह कोठे सुरू होते ते एका लहानशा फंक्शनला सांगता येते. मग `re + 1` व `t + 1` च्या जागी त्या फंक्शनने दाखविलेली जागा घ्यावयाची, तारका बाइटमागे न शोधता चिन्हामागे शोधावयाची, आणि `tara` ला `c` ऐवजी चिन्हाचा पॉइंटर द्यावयाचा. अटींचा क्रम जसाच्या तसा राहतो. एवढे करूनही `की` हे आपल्या लेखी एक अक्षर टिंबाच्या लेखी दोनच राहते, `क` आणि वेलांटी, कारण युनिकोडने ती दोन वेगळी चिन्हे मानली आहेत. टिंबाने दोन्ही एकदम घ्यावीत असे वाटत असेल तर ‘एक पाऊल’ म्हणजे किती, ह्याची व्याख्या पुन्हा बदलावी लागेल. शेवटच्या प्रकरणात मी ती व्याख्या मात्रा, अनुस्वार व जोडाक्षरांसह करून पाहिली आहे. प्रश्न तेव्हाही तोच असतो, उरलेला नमुना उरलेल्या मजकुराशी येथून जुळतो का. बदललेली असते ती पावलाची लांबी, आणि ती ठरविण्यासाठी मला सी भाषेच्या पुस्तकापेक्षा मराठीच्या व्याकरणाची पाने अधिक चाळावी लागली.